आजचे पाच लाख की वीस वर्षं दोन हजार?

धरण, महामार्ग किंवा औद्योगिक वसाहतीसाठी जमीन संपादित झाली की गावात पहिली चर्चा होते ती जमिनीच्या भावाची. रेडी रेकनर काय, गुणक किती, बाजूच्या गावाला काय मिळालं. या गदारोळात एक छोटा निर्णय बाजूला पडतो. भूसंपादनाचा २०१३चा कायदा १ जानेवारी २०१४पासून लागू झाला. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, जमिनीच्या किमतीखेरीज, प्रत्येक बाधित कुटुंबासमोर तीन पर्याय ठेवले आहेत. प्रकल्पातून रोजगार निर्माण होत असेल तर घरातल्या एकाला नोकरी. नाहीतर एकरकमी पाच लाख रुपये. नाहीतर महिन्याला किमान दोन हजार रुपये देणारी वीस वर्षांची वार्षिकी, म्हणजे गावच्या भाषेत ‘अ‍ॅन्युइटी’. शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार ती वाढत जावी, असंही कायदा म्हणतो.

बाधित कुटुंब म्हणजे फक्त सातबाऱ्यावर नाव असलेलं कुटुंब नव्हे. संपादनाच्या आधी तीन वर्षं त्या जमिनीवर ज्यांचं पोट मुख्यतः अवलंबून होतं, ते शेतमजूर, कुळं आणि वाटेकरीही या व्याख्येत येतात. जमीनमालकाला किमतीचे लाखो रुपये वेगळे मिळतात, त्यामुळे ही निवड त्याच्यासाठी जोडधंद्यासारखी. शेतमजुराला मात्र हातात येणारी मोठी रक्कम बहुधा हीच असते. म्हणून हा हिशेब त्याच्या बाजूने मांडून पाहायला हवा.

समजा, पंचेचाळिशीतली एक शेतमजूर बाई आहे. घरात कमावता मुलगा आणि लग्नाची मुलगी. नोकरीचा पर्याय तिच्या प्रकल्पात नाही, म्हणजे उरले दोन. एकरकमी की हप्ते?

पारावर याचं उत्तर पाच मिनिटांत निघतं. महिना दोन हजार म्हणजे वर्षाला चोवीस हजार, वीस वर्षांचे झाले चार लाख ऐंशी हजार. पाच लाखांपेक्षा कमी. मग कुणीतरी आठवण करून देतो की रक्कम महागाईप्रमाणे वाढणार आहे. दरसाल पाच टक्के वाढ धरली तर विसाव्या वर्षी चोवीस हजारांचे साठ हजार सहाशे होतात आणि वीस वर्षांची बेरीज जाते सात लाख त्र्याण्णव हजारांवर. आता पारावरचं मत फिरतं. कुठे पाच लाख आणि कुठे जवळपास आठ लाख!

दोन्ही बेरजा गणिताने बरोबर आहेत. पण दोन्ही एकच चूक करतात. त्या आज मिळणारा रुपया आणि वीस वर्षांनी मिळणारा रुपया एकाच रकान्यात लिहितात.

हुंडी वटवणाऱ्याचं गणित

ही चूक आपल्याकडचे जुने व्यापारी कधी करत नसत. तीन महिन्यांनी हजार रुपये देणारी हुंडी घेऊन कुणी पेढीवर गेला, तर शेठ हजार मोजून देत नसे. तो थोडी रक्कम कापून घेई. त्या कपातीला वटाव म्हणत. तीन महिने थांबायचं म्हणजे आपला पैसा तेवढे दिवस अडकणार, आणि तोच पैसा दुसरीकडे लावला तर व्याज मिळालं असतं, हा त्यामागचा विचार. हुंडीची मुदत जितकी लांब तितका वटाव मोठा.

वित्तशास्त्रात ज्याला ‘वर्तमान मूल्य’ म्हणतात, ते म्हणजे वटाव कापून हातात पडणारी रक्कम. आज १०० रुपये सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाने १०७ होतात. म्हणजे वर्षाने मिळणाऱ्या १०७ रुपयांची आजची किंमत १०० रुपये. पुढच्या वर्षीच्या १०० रुपयांची आजची किंमत १०० भागिले १.०७, म्हणजे सुमारे साडेत्र्याण्णव रुपये. दोन वर्षांनंतरचे असतील तर १.०७ने दोनदा भागायचं, वीस वर्षांनंतरचे असतील तर वीसदा. वीसदा भागल्यावर त्या १०० रुपयांचे आज जेमतेम २६ रुपये उरतात.

वार्षिकी म्हणजे वेगवेगळ्या तारखांच्या हुंड्यांची गड्डी. प्रत्येक हुंडी तिच्या मुदतीप्रमाणे वटवायची आणि सगळ्या रकमांची बेरीज करायची. ती बेरीज एकरकमी देकाराच्या शेजारी ठेवली की मग तुलना खरी होते, कारण आता दोन्ही आकडे आजच्या रुपयात आहेत.

या बाईच्या बाबतीत गड्डी वटवून पाहू. महागाई पाच टक्के, बँकेतल्या मुदत ठेवीचा दर सात टक्के आणि हिशेब सोपा राहावा म्हणून वर्षाचे पैसे वर्षाअखेर मिळतात असं धरू. पहिल्या वर्षीच्या २४,००० रुपयांचे आजचे २२,४३० होतात. दुसऱ्या वर्षी २५,२०० मिळतील, त्यांचे आजचे सुमारे २२,०१०. विसाव्या वर्षीचे ६०,६०० रुपये वटवले की सुमारे १५,७०० उरतात. वीसही रकमांची बेरीज भरते सुमारे ३ लाख ७७ हजार. पैसे वर्षाअखेर न मिळता दरमहा मिळत असतील तर या आकड्यात सुमारे बारा हजारांची भर पडते. तरी तो चार लाखांच्या आतच राहतो.

म्हणजे कागदावरचे आठ लाख आजच्या हिशेबात पावणेचार लाख निघाले, आणि समोर पाच लाख उभे आहेत.

पासबुकात ताळा

भागाकारावर विश्वास बसत नसेल तर दुसऱ्या वाटेनेही ताळा करता येतो. ही वाट पासबुकासारखी आहे, म्हणून घरच्यांना समजावायला सोपी.

बाईने पाच लाख घेऊन सात टक्क्यांनी ठेवले आणि स्वतःच ठरवलं की वार्षिकीने जेवढं दिलं असतं तेवढंच दरवर्षी काढायचं, एक पैसाही जास्त नाही. पहिल्या वर्षी व्याज आलं ३५,०००, काढले २४,०००, शिल्लक ५,११,०००. दुसऱ्या वर्षी व्याज ३५,७७०, काढले २५,२००, शिल्लक ५,२१,५७०. काढायची रक्कम वाढत असली तरी व्याज तिच्या पुढे आहे, त्यामुळे शिल्लक चढतच राहते. अकराव्या वर्षाअखेर ती ५ लाख ७९ हजारांवर पोचते. त्यानंतर काढायची रक्कम व्याजाला मागे टाकते आणि शिल्लक उतरू लागते. विसाव्या वर्षी ६०,६०० रुपये काढून झाल्यावर पासबुकात उरतात सुमारे ४ लाख ७५ हजार.

वार्षिकी घेतली असती तर त्या दिवशी पॉलिसीची मुदत संपली असती आणि हातात काहीच उरलं नसतं. इथे वार्षिकीइतकेच पैसे वीस वर्षं वापरूनही जवळजवळ सगळं मुद्दल शाबूत आहे.

याच ताळ्यातून घरात रोज उपयोगी पडेल असा एक आकडा निघतो. पाच लाख आणि तीन लाख सत्याहत्तर हजार यांच्यात १ लाख २३ हजारांचा फरक आहे. म्हणजे बाईने पहिल्याच दिवशी सुमारे सव्वा लाख उचलून कर्ज फेडलं, घराचे पत्रे बदलले किंवा मुलाच्या धंद्याला दिले, तरी उरलेल्या रकमेतून वार्षिकीइतकेच पैसे तिला वीस वर्षं मिळतील. सव्वा लाखाच्या पुढे गेलं की मात्र वर्षं कमी होऊ लागतात. दोन लाख उचलले तर उरलेले तीन लाख पंधरा वर्षं पुरतात. साडेतीन लाख लग्नात गेले तर उरलेल्या दीड लाखावर जेमतेम सात वर्षं निघतात. त्यावेळी बाई बावन्नची असेल.

वटाव कुणाचा?

आतापर्यंतचा सगळा हिशेब एका आकड्यावर उभा आहे. वटाव सात टक्क्यांनी धरला, कारण पैसा मुदत ठेवीत राहील असं मानलं. तो तिथे राहिला नाही तर?

गावाकडे मोबदल्याचे पैसे थेट बँक खात्यात जमा होतात आणि पुष्कळ घरांत ते बचत खात्यातच पडून राहतात. ‘लागतील तेव्हा काढता येतील’ हे त्यामागचं साधं कारण. बचत खात्याचं व्याज अडीच-तीन टक्के. मग वटावही तीन टक्क्यांनीच करायला हवा, कारण थांबल्याने बाईचं तेवढंच नुकसान होणार आहे. तीन टक्क्यांनी गड्डी वटवली तर वार्षिकीची आजची किंमत ५ लाख ६३ हजार होते. उत्तर उलटलं. बचत खात्यात पैसे ठेवणाऱ्या माणसासाठी हप्ते जास्त मोलाचे आहेत.

आता तिसरं घर पाहू. तिथे सावकाराचं देणं आहे, महिन्याला शेकडा दोन, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. या घराने आज एक रुपया कर्जात भरला तर चोवीस टक्के वाचतात. तोच त्यांचा खरा परतावा, म्हणून वटावही चोवीस टक्क्यांनी. तीच वार्षिकी, तेच सरकार, तोच कागद. पण या घरासाठी तिची आजची किंमत निघते फक्त १ लाख २२ हजार. त्यांनी हप्ते निवडले तर दरमहा मिळणारे दोन हजार सावकाराच्या व्याजात जिरतील आणि मुद्दल जागचं हलणार नाही.

म्हणून ‘कोणता पर्याय चांगला’ या प्रश्नाला साऱ्या गावासाठी एक उत्तर नाही. एकरकमी पाच लाख आणि पाच टक्क्यांनी वाढणारी वार्षिकी नेमकी बरोबरीत येतात ती वटाव ४.१ टक्के असताना. ज्या घरात पैसा याहून जास्त कमावतो किंवा याहून महाग कर्ज फेडतो, तिथे एकरकमीचं पारडं जड. ज्या घरात पैसा याहून कमी व्याजावर झोपतो, तिथे हप्त्यांचं.

हा ४.१चा आकडा मात्र पाच टक्के महागाईला बांधलेला आहे. महागाई आठ टक्के झाली तर बरोबरीचा दर सातच्या आसपास सरकेल. त्यामुळे लक्षात ठेवायचा तो दोन दरांमधला फरक. पैशावर मिळणारं व्याज महागाईइतकंच असलं तरी वार्षिकीची किंमत साडेचार लाखांच्या आसपास राहते, पाचला पोचत नाही. व्याज महागाईपेक्षा जवळपास एक टक्का खाली गेलं तरच हप्ते पुढे जातात.

‘योग्य वाढ’ म्हणजे किती?

कागदावर वार्षिकी निर्देशांकाला जोडलेली आहे. पण जोडलेली म्हणजे कशी, हे पॉलिसीच्या कागदात वाचल्याशिवाय कळत नाही. कायद्यात शब्द आहेत ‘योग्य निर्देशांकन’. ते दरवर्षी होईल की काही वर्षांनी, कोणत्या महिन्याचा निर्देशांक धरला जाईल, निर्देशांक उतरला तर हप्ताही उतरेल का, हे त्या एका शब्दसमूहातून निघत नाही.

फरक किती पडतो ते पाहा. वाढ अजिबात नाही, वीस वर्षं दोन हजार म्हणजे दोन हजारच, असं निघालं तर सात टक्के वटावाने वार्षिकीची किंमत उरते २ लाख ५४ हजार. एकरकमीच्या निम्मी. शिवाय पाच टक्के महागाईत विसाव्या वर्षीच्या दोन हजारांत आजच्या साडेसातशे रुपयांएवढाच किराणा येईल.

शेतमजुरांचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्रीय कामगार मंत्रालयाचा कामगार ब्यूरो काढतो. त्यात अन्नधान्याचा वाटा फार मोठा असल्याने डाळी-भाजीपाल्याच्या भावाबरोबर तो झोके घेतो. २००९-१०मध्ये या निर्देशांकाची वार्षिक वाढ दोन आकड्यांत गेली होती. २०२५च्या उत्तरार्धात ती शून्याच्या आसपास आली. हा झोका बाईच्या बाजूचाच आहे. डाळ महागली की हप्ता वाढणार, आणि तिचं पोट तर डाळीवरच चालतं. मुदत ठेवीला हे जमत नाही. ठेवीचा दर एकदा ठरला की मुदतीपर्यंत तोच, आणि बँका साधारणपणे दहा वर्षांपलीकडची ठेव घेत नाहीत. म्हणजे वीस वर्षांच्या हिशेबातल्या सात टक्क्यांपैकी शेवटच्या दहा वर्षांची हमी आज कुणीच देऊ शकत नाही. निर्देशांकाला खरोखर जोडलेल्या वार्षिकीचं मोल या ठिकाणी गणितापेक्षा थोडं जास्त आहे, आणि सावध माणसाने त्याला काही वजन द्यायला हरकत नाही.

टक्क्यांनी होणारी वाढ आणि रुपयांनी होणारी वाढ यांतही मोठं अंतर आहे. हरियाणाचं उदाहरण घ्या. त्या राज्याने २०१०च्या धोरणात जमिनीच्या किमतीखेरीज शेतकऱ्याला एकरी वर्षाला २१,००० रुपये वार्षिकी तेहतीस वर्षं देऊ केली, दरवर्षी ७५० रुपयांच्या वाढीसह. तेहतिसाव्या वर्षी ती ४५,००० होते आणि सगळी बेरीज १० लाख ८९ हजार. ऐकायला भरघोस. आठ टक्क्यांनी वटवली की ३ लाख २५ हजार. त्या शेवटच्या ४५,००० रुपयांची आजची किंमत साडेतीन हजारांच्या घरात आहे. कारण दोन. एक, मुदत फार लांब. दुसरं, ७५० रुपये ही पहिल्या वर्षी साडेतीन टक्क्यांची वाढ असते, पण शेवटच्या वर्षी तीच पावणेदोन टक्क्यांवर येते. वाढ दिसते, पण महागाईच्या मागे पडत जाते. तरी हरियाणात ही रक्कम किमतीच्या जोडीला होती, किमतीच्या बदल्यात नव्हती, हे इथे विसरता कामा नये.

हप्ता कोण देणार?

वटावात आणखी एक गोष्ट मोजायची असते. हुंडी लिहिणारा भरवशाचा नसेल तर पेढीवाला वटाव वाढवत असे.

आंध्र प्रदेशने २०१५मध्ये अमरावती राजधानीसाठी शेतकऱ्यांची जमीन एकत्र केली. मोबदल्यात विकसित भूखंड आणि दहा वर्षांची वार्षिकी देऊ केली. कोरडवाहू एकराला वर्षाला ३०,००० रुपये आणि नदीकाठच्या सुपीक जमिनीला ५०,०००, दरवर्षी अनुक्रमे ३,००० आणि ५,०००ची वाढ. २०१९मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने तीन राजधान्यांची भूमिका घेतली. त्यानंतरच्या काळात वार्षिकीचे हप्ते रखडले आणि शेतकऱ्यांना त्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. जमीन गेली होती, हप्ता अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर लटकला होता.

म्हणून वार्षिकीच्या कागदावर सर्वांत आधी वाचायचं ते देणाऱ्याचं नाव. २०१३च्या कायद्यात शब्द आहे ‘वार्षिकी पॉलिसी’. म्हणजे प्रकल्प राबवणाऱ्याने एखाद्या विमा कंपनीकडून पॉलिसी विकत घ्यायची आणि पुढे पैसे त्या कंपनीने द्यायचे. विमा कंपनीवर भारतीय विमा नियामक प्राधिकरणाची देखरेख असते. प्रकल्पाचं बजेट आटलं किंवा खात्याचा सचिव बदलला तरी त्या पॉलिसीवर परिणाम व्हायला नको. पण पुनर्वसनाच्या निवाड्यात पॉलिसी क्रमांकच नसेल आणि नुसतं ‘संबंधित विभाग दरमहा देईल’ एवढंच लिहिलं असेल, तर तो हप्ता म्हणजे सरकारी खात्याचा वायदा. तिथे सात टक्के वटाव पुरत नाही.

एकरकमीलाही धोका आहे, फक्त वेगळा. बँकेतली ठेव व्याजासकट पाच लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. २०२०पासून ही मर्यादा लागू आहे, त्याआधी ती एक लाख होती. पाच लाख एकाच बँकेत, विशेषतः एखाद्या छोट्या सहकारी बँकेत ठेवले आणि त्यावर व्याज चढलं, तर वरचा भाग विम्याबाहेर जातो. दोन बँकांत अडीच-अडीच लाख ठेवले की हा प्रश्न सुटतो. खरा धोका मात्र बँकेपेक्षा घराच्या उंबऱ्यावर उभा असतो. मोबदला मिळाल्याची बातमी गावात लपत नाही. भाचा, जावई, चिटफंडवाला, मोटरसायकलच्या शोरूमचा माणूस, सगळे आठवडाभरात येऊन जातात.

न्यायालयांनी काढलेली मधली वाट

पैसा एकदम द्यावा की थोडा थोडा, हा पेच मोटार अपघाताच्या दाव्यांत न्यायालयांपुढे वर्षानुवर्षं आहे. तिथे नुकसानभरपाई काढतानाच वर्तमान मूल्याचं गणित आत बसवलेलं असतं, फक्त त्याला गुणक म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २००९च्या सरला वर्मा खटल्यात वयानुसार हे गुणक निश्चित केले. मृत व्यक्ती पंधरा ते पंचवीस वयाची असेल तर गुणक १८, एक्केचाळीस ते पंचेचाळीस असेल तर १४. वीस वर्षांचा तरुण आणखी चाळीस वर्षं कमावू शकला असता, मग त्याच्या वार्षिक कमाईला चाळीसऐवजी अठरानेच का गुणायचं? एक मोठं कारण हे की कुटुंबाला चाळीस वर्षांचा पैसा आजच हातात मिळतो आणि तो व्याज कमावू शकतो. आयुष्याची अनिश्चितताही त्यात धरलेली असते.

पैसा एकरकमी ठरल्यावर तो टिकावा यासाठीही न्यायालयांनी उपाय केले. सुसम्मा थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शन केलं की अल्पवयीन वारसांची रक्कम सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवावी, आणि निरक्षर दावेदारांच्या रकमेचंही असंच संरक्षण करावं. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशांमधून अपघात दाव्यांसाठी वार्षिकी ठेव योजना आली. भरपाई बँकेत एकरकमी जमा होते आणि बँक ती मुद्दल व व्याज मिळून ठरावीक महिन्यांत दरमहा परत करते.

अशी ठेव अपघातग्रस्तांपुरती मर्यादित नाही. स्टेट बँकेची वार्षिकी ठेव कुणालाही उघडता येते, तीन ते दहा वर्षांच्या मुदतीची. पाच लाख दहा वर्षांसाठी सात टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला सुमारे ५,८०० रुपये येतात आणि दहा वर्षांनी मुद्दल संपतं. बाईला वीस वर्षं पुरवायचं असेल तर तिने अडीच लाख दहा वर्षांच्या वार्षिकी ठेवीत आणि उरलेले अडीच लाख मुदत ठेवीत ठेवावेत. पहिल्या ठेवीतून महिन्याला सुमारे २,९०० रुपये येतील. व्याज न काढता दुसरी ठेव दहा वर्षं वाढू दिली तर तिचे जवळपास ४ लाख ९२ हजार होतील, आणि ती रक्कम पुढच्या दहा वर्षांसाठी पुन्हा तशाच वार्षिकी ठेवीत घातली तर दर तोच राहिल्यास महिन्याला ५,७०० रुपये मिळतील. हातात रोकड येत नाही, त्यामुळे भाच्यालाही ‘बँकेत अडकलेत रे’ असं सांगता येतं.

सही करण्याआधी

या बाईसारख्या कुटुंबाने पुनर्वसनाच्या निवाड्यावर पर्याय नोंदवण्याआधी भूसंपादन अधिकाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात. वार्षिकी कोणत्या विमा कंपनीची आणि तिचा पॉलिसी नमुना काय. हप्ता दरवर्षी कोणत्या महिन्याच्या निर्देशांकाने वाढणार. आणि पॉलिसीधारक मुदतीच्या आत वारला तर उरलेले हप्ते वारसाला मिळणार का. कायद्याने ही रक्कम कुटुंबाला वीस वर्षांसाठी दिली आहे, एका माणसाच्या हयातीपुरती नाही. त्यामुळे वारसाचं कलम कागदात असायलाच हवं.

मग घरचे दोन आकडे मांडावेत. डोक्यावर कर्ज किती आणि कोणत्या दराने, हा पहिला. उरलेला पैसा खरोखर कुठे राहणार, हा दुसरा. पहिल्या आकड्यात सावकार असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. पाच लाख घ्यावेत, आधी सावकार फेडावा आणि उरलेलं दोन बँकांत टाकावं. कर्ज नसेल, पण घरात पैसा टिकत नाही हे सगळ्यांना ठाऊक असेल, आणि पॉलिसी खरोखर विमा कंपनीची व निर्देशांकाला बांधलेली असेल, तर बाईने महिना दोन हजारांवर अंगठा उठवला तरी तिचं गणित चुकलेलं नाही. तिच्या घरात वटावाचा दर तीन टक्क्यांच्या वर जात नाही, हे तिला तलाठ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.